प्लस टूवर प्लस फोर चढवला तर पानं कोण उचलणार?

प्रश्न: चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमलो होतो, रात्री उनो खेळायला बसलो. खाली लाल ५ होता. दादाने लाल प्लस टू टाकला, वहिनीने त्यावर निळा प्लस टू, काकांनी त्यावर प्लस फोर टाकून हिरवा मागितला. माझ्याकडे हिरवा प्लस टू होता, मी तो टाकला तर सगळे ओरडले की प्लस फोरवर प्लस टू चालत नाही, आणि मला ८ पानं उचलायला लावली, वर पाळीही घालवली. माझ्यानंतर आजी होती. डाव संपल्यावर कळलं की काकांकडे तेव्हा निळा ३ होता, मग त्यांचा प्लस फोर तरी बरोबर होता का? घरात अजून दोन तट आहेत, नक्की काय ते सांगा.

उत्तर: आधी एका वाक्यात सांगतो, पॅकेटातल्या कागदावरच्या नियमाने बघितलं तर वहिनीने निळा प्लस टू टाकला तिथेच चूक झाली आणि पुढचं सगळं त्या चुकीवर उभं आहे, त्यामुळे काका बरोबर की तुम्ही बरोबर हा प्रश्नच तिथे उरत नाही. पण घरात पानावर पान चढवायचं असं आधीपासून ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग तुमचा हिरवा प्लस टू चालायला हवा होता की नाही हे तुमच्या घराने काय ठरवलं होतं त्यावर जातं. बहुतेक घरांत ते ठरवलेलंच नसतं. मी म्हापशात खेळण्यांचं दुकान चालवतो आणि दर चवथीनंतर आमच्या वाड्यावर मुलांच्या आणि मोठ्यांच्या उनोच्या स्पर्धा घेतो, पंच म्हणून मीच बसतो, आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत माझ्यासमोर आलेल्या भांडणांत निम्म्याहून जास्त ह्याच एका गोष्टीवरून झालीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं छापील नियमाने तुमचा डाव परत खेळून बघू. दादाने लाल प्लस टू टाकला. आता पुढच्या भिडूला, म्हणजे वहिनीला, दोन पानं उचलायची आणि पाळी सोडायची एवढंच करता येतं, तिच्या हातात निळा प्लस टू असो, लाल प्लस टू असो, काही असो. तो तिच्या हातातच राहतो. मग पाळी काकांची, आणि खाली रंग आहे लाल. काकांच्या हातात एकही लाल पान नसेल तर ते प्लस फोर टाकू शकतात, आणि त्यांच्याकडचा निळा ३ इथे आडवा येतच नाही कारण चालू रंग निळा नाहीच. त्यांनी प्लस फोर टाकून हिरवा मागितला की तुम्ही चार उचलणार, पाळी गेली, आणि आजी हिरव्यावर खेळणार. म्हणजे वहिनीला २, तुम्हाला ४, दोघांत मिळून ६ पानं. तुमच्या घरी जे झालं त्यात तुम्हाला एकट्याला ८ बसली, आणि तुमचा हिरवा प्लस टू मान्य केला असता तर आजीला १० बसली असती.

ह्यात एक शब्दही माझा नाही, कंपनीने स्वतः २०१९ मध्ये ट्विटरवर हे स्पष्ट केलं होतं की प्लस फोर आला की पुढच्याने चार उचलायचे आणि पाळी सोडायची, त्यावर प्लस टू टाकून पुढच्याला सहा देता येत नाहीत. त्या वेळी जगभर लोक त्यावरून तावातावाने भांडले, कारण जवळजवळ सगळ्यांच्याच घरी पान चढवून खेळतात. ह्यात नवल नाही. उनो हा काही आभाळातून पडलेला खेळ नाही, अमेरिकेत ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाच्या एका न्हाव्याने तो १९७१ मध्ये काढला, तो साध्या पत्त्यांच्या क्रेझी एट्स ह्या खेळावरून, आणि गोष्ट अशी सांगतात की मुलाशी त्याचा क्रेझी एट्सच्या नियमांवरूनच वाद झाला होता. क्रेझी एट्समध्ये खूप ठिकाणी दुर्री पडली की पुढच्याने दोन उचलायचे आणि त्याच्याकडे दुर्री असेल तर चढवून तिसऱ्याला चार द्यायचे अशी पद्धत आहे, जर्मनीत माऊ माऊ म्हणून ह्याच घराण्यातला खेळ आहे तिथे हेच काम सत्ती करते. म्हणजे पान चढवणं हे उनोपेक्षा जुनं आहे, लोकांनी ते सोबत आणलं. ते मूर्खपणाचं नाही, फक्त उनोच्या छापील नियमात ते नाही, आणि उनोतलं एक पान असं आहे की जे चढवण्याच्या पद्धतीत नीट बसत नाही. ते पान म्हणजे प्लस फोर.

का बसत नाही ते बघा. प्लस फोर हे अख्ख्या कॅटमधलं सगळ्यात जड पान आहे, रंग मागता येतो, पुढच्याला चार बसतात, पाळी जाते. म्हणून छापील नियमाने त्याच्या पायात एक बेडी घातली आहे: चालू रंगाचं एकही पान हातात नसेल तरच ते टाकायचं. आकडा जुळणारं पान असलं तरी चालतं, साधं वाइल्ड असलं तरी चालतं, फक्त रंग नको. आणि ही बेडी पाळली की नाही हे बघायला चॅलेंज ठेवलं आहे. ज्याला चार बसणार तो म्हणू शकतो की दाखव हात. टाकणाऱ्याने हात फक्त त्यालाच दाखवायचा, सगळ्या टेबलाला नाही. त्यात चालू रंगाचं पान निघालं तर टाकणाराच चार उचलतो. नाही निघालं तर चॅलेंज करणारा चारच्या जागी सहा उचलतो आणि त्याची पाळी जाते. किती घरांत हे चॅलेंज माहीतच नसतं! दुकानात पॅकेट घ्यायला येणाऱ्यांना मी मुद्दाम विचारतो, दहांत दोघा-तिघांनाच माहीत असतं, बाकीच्यांच्या घरी प्लस फोर कधीही टाकतात, मग साहजिकच ते पान सगळा डाव खाऊन टाकतं.

आता तुमच्या काकांचा निळा ३ घ्या, कारण खरी गाठ तिथे आहे. चढवून खेळताना वहिनीचा निळा प्लस टू वर आला, म्हणजे चालू रंग निळा. काकांकडे निळा ३ होता. छापील बेडी जशीच्या तशी लावली तर काकांचा प्लस फोर चुकीचा, कारण हातात निळं पान आहे. पण काका विचारतील की मी तो निळा ३ टाकू शकत होतो का? नव्हते टाकू शकत, कारण त्यांच्यावर चार पानांचा मारा चालू होता, त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, चढवायचं नाहीतर उचलायचं. बेडीचा उद्देश असा आहे की साधं पान खेळता येत असताना जड पान काढू नये. साधं पान खेळता येतच नसेल तर बेडीला अर्थ राहात नाही. म्हणजे काकाही चुकले नाहीत आणि काकांना चूक म्हणणाराही चुकला नाही, दोन नियम एकमेकांवर आदळले आणि तुमच्या घरी त्या ठिकाणी कोणाचं ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं.

हा प्रकार मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पंच म्हणून मीही गडबडलो होतो. आमच्या वाड्यावरच्या एका घरी, बाहेर धो धो पाऊस, पुढच्या सोप्यात बारा-तेरा माणसं, एका बाजूला माटोळीखाली आरती नुकतीच संपलेली, आणि चौदा वर्षांच्या एका मुलाने अगदी असाच प्लस टूवर प्लस फोर टाकला. त्याच्या मावशीने चॅलेंज केलं. मुलाच्या हातात चालू रंगाची दोन पानं होती. मावशी म्हणाली, आता ह्याने उचलायचं. किती? चार की अख्खे सहा? मुलगा म्हणाला माझ्याकडे दुसरं काय खेळायला होतं ते सांगा. मी छापील कागद उघडून बघितला, त्यात उत्तर असणं शक्यच नाही कारण कागदाच्या हिशेबात ही वेळ येतच नाही. मी त्या दिवशी मुलाला चार उचलायला लावले आणि उरलेले दोन कोणालाच दिले नाहीत, आणि तो निकाल चुकीचा होता हे मला घरी जाऊन झोपायला आडवा पडल्यावर कळलं. आधीचे दोन हवेत विरले, ते टाकणाऱ्याचा तो प्लस टू फुकट गेला.

तेव्हापासून मी जो नियम लावतो तो सांगतो, आणि का ते पण.

सारख्यावर सारखं. प्लस टूवर फक्त प्लस टू, प्लस फोरवर फक्त प्लस फोर. प्लस टूवर प्लस टू टाकताना रंग जुळायची गरज नाही, कारण चिन्ह जुळतंय, उनोत एरवीही लाल ७ वर निळा ७ चालतोच की, तसंच. त्यामुळे वहिनीचा निळा प्लस टू माझ्या टेबलावर बरोबर. काकांचा प्लस फोर चूक, तो परत हातात घ्यायचा, आणि काकांकडे दुसरा प्लस टू नसेल तर त्यांनी चार उचलायची, पाळी सोडायची. मग तुम्ही निळ्या प्लस टूवर खेळणार, आणि तुमचा हिरवा प्लस टू त्यावर चालला असता, नवीन साखळी म्हणून, आजीला दोन. इतकं साधं झालं असतं.

प्लस टूवर प्लस फोर बंद करायचं कारण हे नाही की त्याने आकडा मोठा होतो. कारण हे आहे की ते चालू केलं की प्लस फोरची बेडी गळून पडते. मारा चालू असताना रंगाची अट लावता येत नाही हे वर बघितलं, म्हणजे ज्याच्याकडे प्लस फोर आहे तो बिनधास्त वाट बघत बसतो, कोणीतरी त्याच्यावर प्लस टू टाकेल आणि मग कसलीही अट नसताना, कसलंही चॅलेंज नसताना तो आपला प्लस फोर मोकळा करेल. ज्या घरांत सगळ्यावर सगळं चालतं तिथे लक्ष देऊन बघा, जाणते भिडू प्लस फोर कधी आपणहून टाकत नाहीत, ढालीसारखा दाबून ठेवतात. मग प्लस टू टाकायलाही लोक बिचकतात, आणि खेळातली धार जाते.

किती वेळा असं होईल ह्याचा अंदाज हवा असेल तर हिशेब कठीण नाही. जुन्या नेहमीच्या कॅटमध्ये १०८ पानं असतात, त्यात प्लस टू ८ म्हणजे प्रत्येक रंगाचे दोन, आणि प्लस फोर ४. सात-सात पानं वाटली की शंभरांतल्या साधारण ४३ हातांत निदान एक प्लस टू असतो, साधारण २४ हातांत निदान एक प्लस फोर असतो, आणि दोन्हीपैकी काहीतरी निदान एक असलेले हात साधारण ५७. म्हणजे फक्त सारख्यावर सारखं ठेवलं तर प्लस टू आल्यावर पुढच्याकडे उत्तर नसण्याची शक्यताच जास्त, साखळी दोन-तीन पानांत तुटते. सगळ्यावर सगळं ठेवलं की निम्म्याहून जास्त भिडूंकडे काही ना काही उत्तर असतं. जास्तीत जास्त टोकाचा आकडाही बघा, सगळे प्लस टू एकावर एक चढले तर १६, सगळे प्लस फोर चढले तर तेही १६, आणि मिसळ केली तर ३२. टोकाचा आकडा प्रत्यक्षात कधी येत नाही, पण १२ आणि १४ मी डोळ्यांनी बघितलेत. (आता मिळणाऱ्या बऱ्याच पॅकेटांत ११२ पानं असतात, जास्तीची चार वेगळी वाइल्ड असतात, त्याने वरचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, फार नाही.)

प्लस फोरवर प्लस फोरचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे चॅलेंज मध्ये येतं. माझ्याकडे चॅलेंज फक्त साखळीच्या पहिल्या प्लस फोरला. समजा काकांनी साध्या पानावर प्लस फोर टाकला, तुम्ही पुढचे. तुमच्यापुढे तीन वाटा: उचला, चॅलेंज करा, नाहीतर स्वतःचा प्लस फोर चढवा. चढवला म्हणजे काकांचा तुम्ही मान्य केला, नंतर मागे फिरून चॅलेंज नाही. आणि तुमच्या चढवलेल्या प्लस फोरला आजी चॅलेंज करू शकत नाही, कारण तुम्ही मारा परतवत होता, तुमच्यावर रंगाची अट नव्हतीच. ह्याचा फायदा असा की छापील कागदातले चार आणि सहा हे आकडे जसेच्या तसे राहतात, आठ अधिक दोन दहा की आठच, असला नवा हिशेब कोणाला करावा लागत नाही. रंग शेवटच्या प्लस फोरवाल्याने मागितलेला तोच धरायचा, आधीचा गेला.

आता तुमच्या घरातल्या दुसऱ्या तटाचं म्हणणं पण नीट ऐकू, कारण ते हवेतलं नाही. प्लस टूवर प्लस फोर चालेल पण प्लस फोरवर प्लस टू नाही, म्हणजे चढत्या भाजणीने, बरोबरीचं किंवा मोठं, ही पद्धत आता खूप पसरली आहे. २०२३ मध्ये कंपनीने नो मर्सी म्हणून वेगळा कॅट काढला त्यात पान चढवणं छापील नियमातच आहे, आणि तिथे हेच, खालच्या पानाइतकं किंवा त्याहून मोठं असेल तरच चढवायचं. मुलं तो बाहेर कुठेतरी खेळून येतात आणि तोच नियम साध्या उनोला लावतात. तुमच्या घरी ओरडणाऱ्यांनी बहुतेक हाच धरला होता, आणि तसं आधी ठरलं असेल तर त्यांचं बरोबर, तुमचे ८ बरोबर, पाळी गेली तेही बरोबर. पण त्या कॅटची रचनाच वेगळी आहे, १६८ पानं, प्लस सिक्स आणि प्लस टेनसुद्धा, आणि हातात २५ पानं झाली की भिडू बाद. तिथे मोठे मारे झेलायची सोय त्या बाद होण्यात आहे. साध्या उनोत बाद होणं नाही, एकदा २० पानं हातात आली की तो माणूस पुढचा अर्धा तास नुसता बसून राहतो, आणि लहान मुलगी किंवा आजी असेल तर पुढच्या डावाला उठूनच जाते. तो नियम उचलायचा तर अख्खा उचला, तुकडा उचलू नका असं मी तरी म्हणेन.

तिसरी पद्धत सगळ्यावर सगळं. ती ठरली असेल तर तुमचा हिरवा प्लस टू बरोबर होता, कारण काकांनी हिरवाच मागितला होता. तोच निळा असता तर नसता चालला. प्लस फोरवर प्लस टू जाताना चिन्ह जुळत नाही, म्हणून मागितलेला रंग तरी जुळायला हवा, हे लोक विसरतात आणि कुठलाही प्लस टू फेकतात.

पाळी जाण्याबद्दल तुम्ही विचारलंय त्यात मात्र कुठल्याच पद्धतीत वाद नाही. उचलायला लागली की पाळी गेली. उचललेल्या पानांत प्लस टू आला म्हणून लगेच टाकता येत नाही. गोंधळ होतो तो साध्या उचलण्याशी, खेळायला पान नाही म्हणून एक उचललं आणि ते बसत असेल तर त्याच पाळीत टाकता येतं, तो वेगळा नियम. शिक्षेची पानं आणि गरजेचं पान हा फरक मुलांना एकदा समजावला की ती पटकन धरतात, मोठ्यांनाच जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट अजून, साखळी खेळणाऱ्यांना हमखास अडवणारी. आठ जण बसलात तर ५६ पानं वाटण्यात गेली, एक उलटं, गड्डीत उरली ५१. थोड्या वेळाने गड्डीत नऊच पानं असतात आणि साखळी येते बाराची. मग उरलेली तीन माफ की काय? माफ नाही. नऊ उचला, मग टाकलेल्या पानांतलं सगळ्यात वरचं एक बाजूला ठेवा, बाकीची पिसून नवी गड्डी करा, त्यातून तीन. पण इथेच दुसरं भांडण होतं, कारण पिसायला घेताना साखळीतली खालची प्लस टू पण त्यात जातात आणि मग कोणीतरी विचारतो की बारा होते की दहा? मोजायला पानंच नाहीत समोर. म्हणून माझ्याकडे सक्त सवय आहे, चढवणाऱ्याने पान टाकताना बेरीज मोठ्याने बोलायची. पहिला म्हणतो दोन, दुसरा चार, तिसरा सहा. बोलला नाही तर पुढच्याने विचारायचं आणि मगच आपलं पान काढायचं. ह्या एका सवयीने जेवढी भांडणं टळलीत तेवढी कुठल्याच नियमाने नाही टळली.

शेवटचं पान प्लस टू असेल तर काय, हे पण तुमच्याकडे आज ना उद्या येणारच. छापील नियमाने शेवटचं पान प्लस टू किंवा प्लस फोर टाकून सुटता येतं, आणि पुढच्याने तरीही पानं उचलायची, कारण गुण मोजताना ती धरायची असतात, आकड्यांची पानं आकड्याइतकी, स्किप रिव्हर्स प्लस टू वीस-वीस, वाइल्ड आणि प्लस फोर पन्नास-पन्नास, आणि ५०० झाले की तो जिंकला. साखळीत कोणी शेवटचं पान चढवून सुटला तर पुढच्याला उत्तर द्यायची संधी द्यायची का? मी देत नाही. डाव संपला, पुढच्याने पूर्ण बेरीज उचलायची आणि गुण मोजायचे. संधी दिली की सुटलेला माणूस सुटला की नाही ह्यावर सगळे घुटमळतात, आणि सात-आठ जणांची साखळी फिरून परत त्याच्यावरच आली तर? त्याच्या हातात पान नाही, त्याने उचलून परत खेळात यायचं का? एका घरी खरंच असं झालं होतं आणि रात्री दीडला मला फोन आला होता. गुण न मोजता नुसतं पहिला कोण एवढंच खेळत असाल तर हा प्रश्नच नाही, उचलूच नका.

स्किप किंवा रिव्हर्स टाकून मारा चुकवायचा किंवा परत फिरवायचा ही पण काही घरांत पद्धत आहे. मला ती आवडत नाही, कारण स्किप आणि रिव्हर्स मिळून सोळा पानं आहेत, ती पण उत्तर धरली तर मारा जवळजवळ कधीच बसत नाही आणि प्लस टू टाकण्यात काही राम उरत नाही. दोघंच खेळत असाल तर मुळीच करू नका, तिथे रिव्हर्सचा अर्थ छापील नियमातच स्किपसारखा आहे, मारा कोणावर परतला हेच कळत नाही.

तुमच्या त्या रात्रीच्या डावाचा निकाल विचाराल तर, पानं वाटायच्या आधी काही ठरलं नव्हतं ना? मग माझा निकाल छापील नियमाने: वहिनीचं पान परत, तिने दोन उचलायची, आणि डाव तिथून पुढे. काही ठरलं नसेल तर कागद, हे मी पंच म्हणून कधी सोडत नाही, कारण तेवढी एकच गोष्ट टेबलावर असते जी त्या दिवशी हरणाऱ्याने किंवा जिंकणाऱ्याने बनवलेली नसते. पण पान पडल्या पडल्या हरकत घ्यायला हवी. वहिनीच्या पानावर काकांनी पान टाकलं, म्हणजे काकांनी ते मान्य केलं, तुम्हीही हिरवा प्लस टू काढलात म्हणजे तुम्हीही मान्य केलं, त्यामुळे डाव संपल्यावर तो उलटवायचा नाही, काकांचा निळा ३ नंतर दिसला म्हणून आता त्यांना दोष द्यायचा नाही, हरकतीची वेळ त्यांच्या पानानंतर तुमचं पान पडेपर्यंतच होती. तेव्हा त्या रात्रीचे ८ तसेच राहू देत. पुढच्या वेळी वाटणाऱ्याने पानं पिसता पिसता तीनच गोष्टी मोठ्याने विचारायच्या: चढवायचं का, कशावर काय, आणि चॅलेंज आहे का. आमच्याकडे मी त्या पॅकेटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवल्यात, उत्तरांसकट, आणि आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.